नाकारलेले काम

लोणी काळभोर येथे पुणे-सोलापूर महामार्गालगत स्त्रियांचे एक केशकर्तन व सौंदर्यगृह आहे. सोमवारी ते बंद असते. तरीही त्या सोमवारी सकाळी दार अर्धे उघडे होते आणि आत नव्याने कामावर घेतलेल्या चार मुली बसल्या होत्या. कात्री, कंगवा, फणी यांचे शिक्षण त्यांनी घेतले होते. दुसऱ्या दिवसापासून त्या ग्राहकांसमोर उभ्या राहणार होत्या. त्याआधी अर्धा तास बोलावे, असे मालकीणबाईंनी ठरवले होते. समोरच्या मेजावर त्यांनी फक्त गडद निळ्या कापडाचा एक हातरुमाल पसरला होता.

बाईंनी उपदेशाने सुरुवात केली नाही. स्वतःच्या चुकीने केली. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक तरुण आई आली होती. बाळ चार महिन्यांचे होते आणि पंधरा दिवसांनी तिच्या भावाचे लग्न होते. कानशिलांजवळचे आणि भांगालगतचे केस विरळ झाले होते. केस सरळ करून घेतले की ते दाट दिसतील, असे तिला कोणीतरी सांगितले होते. सहा हजार रुपयांचे काम होते. ‘‘केस मी हातात घेतले तेव्हाच मला कळले होते,’’ बाई म्हणाल्या, ‘‘पण त्या महिन्याचे भाडे द्यायचे होते. मी म्हटले, छान दिसेल.’’

झाले उलटेच. केसाला जो थोडाफार बाक असतो, त्यामुळेच विरळ केस किंचित उचललेले राहतात आणि खालची त्वचा झाकली जाते. तो बाक काढून टाकल्यावर केस डोक्याला चिकटून बसले आणि भांग अधिकच रुंद दिसू लागला. कपाळाच्या कडेला जे नवे, बोटभर लांबीचे केस उगवत होते, ते तापलेल्या इस्त्रीखाली करपून तुटले. लग्नाच्या प्रत्येक छायाचित्रात ती डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिने तक्रार केली नाही. फक्त पुन्हा आली नाही. तिची बहीण, जाऊ, शेजारीण, यांपैकीही कोणी आले नाही.

‘‘आता सांगा, तिचे केस गळत होते की तुटत होते?’’ बाईंनी विचारले. मुली गप्प राहिल्या. दोन्ही एकच, असे त्यांच्या चेहऱ्यावर होते.

बाईंनी एकीला पुढे बोलावले. त्या दिवशी तिने केस धुतले नव्हते, हे आधी विचारून घेतले. कारण नुकत्याच धुतलेल्या डोक्यातले सुटे केस आधीच निघून गेलेले असतात आणि अंदाज चुकतो. मग अंगठा व दोन बोटे यांच्यात पन्नास-एक केसांची बट मुळाजवळ धरून त्यांनी टोकापर्यंत हलक्या हाताने ओढत नेली. दोन केस हातात आले. ते निळ्या रुमालावर ठेवले. दोन्हींच्या एका टोकाला खसखशीच्या दाण्याहून लहान असा पांढरा ठिपका होता.

‘‘हा ठिपका म्हणजे केसाचे मूळचे टोक. ठिपका असेल तर केस मुळातून गळला आहे. दोन्ही टोके कोरी असतील, केस आखूड असेल, तर तो मध्येच तुटला आहे. पन्नासात दोन-तीन आले तर काळजी नको. दिवसाला पन्नास ते शंभर केस कोणाचेही जातात. पाच-सहाच्या वर आले आणि तेही डोक्याच्या सगळ्या बाजूंनी, तर गळती चालू आहे असे समजा.’’

या एका ठिपक्यावर पुढचा सगळा सल्ला ठरतो, हे त्यांनी सावकाश समजावले. तुटणारा केस हे सौंदर्यगृहाचे काम आहे. अति इस्त्री, घट्ट बांधणे, रसायनांवर रसायने, ही त्याची कारणे. ती थांबवायची, झिजलेली टोके कापायची, की फरक दिसतो. गळणाऱ्या केसाचे कारण मात्र शरीरात असते. गरोदरपणात एरवी गळून जाणारे केसही डोक्यावर टिकून राहतात. बाळंतपणानंतर ते एकदम विसाव्याला जातात आणि दोन ते चार महिन्यांनी एकत्रच गळतात. ही गळती बहुधा बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास आपोआप भरून निघते. तिला तेलाची मालिश किंवा स्पा थांबवू शकत नाही आणि ‘थांबवतो’ म्हणून पैसे घेणे हा खोटा व्यवहार आहे.

‘‘मग तिला परतच पाठवायचे?’’ एका मुलीने विचारले.

‘‘नाही. तीन वाक्ये सांगायची. काय पाहिले, मागितलेले काम केले तर काय होईल आणि त्याऐवजी काय करता येईल.’’ बाईंनी ती वाक्ये बोलूनच दाखवली. ‘‘ताई, तुमचे केस मुळातून गळताहेत, कडेला नवे उगवतानाही दिसताहेत. आत्ता सरळ केले तर ते चपटे बसतील आणि नवे केस तुटतील. खांद्यापर्यंत एका रेषेत कापू या, भांग दुसऱ्या बाजूला नेऊ या, म्हणजे दाट दिसतील.’’ लांब केसांची टोके विरळ असतात. एका सरळ रेषेत कापले की कडा भरीव दिसते. भांग वर्षानुवर्षे एकाच जागी असेल तर तिथले केस दबलेले असतात. बाजू बदलली की ते उभारी धरतात. हे काम चारशे रुपयांचे आहे.

बोलण्याची रीतही त्यांनी सांगितली. बोलायचे ते केसाबद्दल, बाईबद्दल नाही. ‘किती पातळ झालेत हो!’ असे उद्गार काढायचे नाहीत. सासू किंवा मैत्रीण शेजारी बसली असेल तर आवाज खाली ठेवायचा. न विचारता रंगाबद्दल, मुरुमांबद्दल, वजनाबद्दल एक शब्दही काढायचा नाही. विचारले तर मात्र टाळायचे नाही.

‘‘आणि आपली हद्द ओळखा. नाण्याएवढी गोल चाई दिसली, त्वचेवर खपल्या किंवा पू दिसला, बाळ वर्षाचे होऊन गेले तरी गळती थांबली नाही, तर डॉक्टरांकडे पाठवा. रक्त कमी असेल, थायरॉईड असेल. ते आपण सांगायचे नाही, तपासणीने कळते.’’

शेवटी एकीने धीर करून मनातला प्रश्न विचारला. सल्ला ऐकून ग्राहक उठून दुसरीकडे गेली, तिथे तिने तेच काम करून घेतले, तर सहा हजार गेलेच ना?

‘‘गेले,’’ बाई म्हणाल्या. ‘‘काही जणी जातात. सगळ्याच परत येतात असे मी सांगणार नाही. पण जी गेली तिचे नुकसान माझ्या हातून झाले नाही, एवढे मला रात्री ठाऊक असते. त्या पहिल्या खेपेला सहा हजार मिळाले होते. ते मी कशावर खर्च केले हे आठवत नाही, तिचा पदर आठवतो.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी एक विद्यार्थिनी आली. केस फार गळतात, महिनाभराच्या स्पाचे पैसे आधीच भरते, म्हणाली. नव्या मुलीने बट धरली, केस निळ्या रुमालावर ठेवले आणि वाकून पाहिले. आखूड आखूड सात केस होते. ठिपका एकालाही नव्हता.

‘‘रोज इस्त्री करता का?’’ तिने हळू आवाजात विचारले.