साडेसहा ते साडेतीन

ऑफर लेटरमध्ये पगार मनासारखा होता, शहरही पुणंच होतं. फक्त शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. बाबांचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार असतं. सकाळी सातला मशीनवर घेतात, चार तास लागतात, आणि सोबत मीच असतो.

एचआरमधल्या मॅडम म्हणाल्या, "शिफ्ट प्रोजेक्टप्रमाणे असते." त्या खरंच बोलत होत्या, वेळ बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. म्हणून सही करण्याआधी मी हायरिंग मॅनेजरशी वीस मिनिटं बोलणं मागून घेतलं.

साडेसहा ते साडेतीन म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ ते संध्याकाळचे सहा. क्लायंटचा दिवस जसाच्या तसा उचलून आपल्या रात्रीवर ठेवलेला. मॅनेजरना मी घरची अडचण एका वाक्यात सांगितली आणि विचारलं, "या नऊ तासांत मी हजर नसलो तर नक्की काय अडेल?" त्यांनी विचार करून तीन गोष्टी सांगितल्या: तिकडच्या साडेनऊची, म्हणजे आपल्या सातची रोजची मीटिंग, त्यानंतरचे कोड रिव्ह्यू, आणि गुरुवारी तिकडे चारला होणारं रिलीज. बाकीचं काम एकट्यानं बसून करायचंच होतं.

मग मी दुपारी दीड ते रात्री साडेदहा सुचवलं. त्यात क्लायंटसोबत चार तास मिळतात. रिलीज आपल्याकडे शुक्रवारी पहाटे दीडला पडतं. शुक्रवारी डायलिसिस नसतं, म्हणून ती रात्र मी स्वतःहून घेतली. नुसती सवलत मागितली असती तर ते एचआरकडे बोट दाखवून मोकळे झाले असते. रिलीजची जबाबदारी कोणीतरी घेतोय म्हटल्यावर त्यांनाही वरच्यांना सांगायला काहीतरी मिळालं.

एक खाच होती. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चपर्यंत तशीच राहतात. सातची मीटिंग आठला सरकते, चार तासांचे तीन होतात. हे मीच आधी काढलं आणि हिवाळ्यात अडीच ते साडेअकरा लिहून घ्यायला सांगितलं. रोजचा नाइट अलाउन्स गेला, फक्त गुरुवारचा राहिला.

"कंपनी गरजेनुसार शिफ्ट वा ठिकाण बदलू शकते" हे कलम मात्र कोणी काढत नाही, माझंही काढलं नाही. म्हणून दोन्ही ऋतूंच्या वेळा सुधारित ऑफर लेटरच्या जोडपत्रात घालून घेतल्या आणि मगच सही केली. आठ महिन्यांनी मॅनेजर बदलले. नव्यांनी पहिल्याच आठवड्यात साडेसहाची शिफ्ट काढली. मी जोडपत्र पाठवलं. कलम त्यांच्या बाजूनं होतं, तरी बोलणं शून्यापासून सुरू झालं नाही. सोमवारची एक रात्र वाढवून मागितली, मी दुसऱ्या दिवसाची दिली. मंगळवारी सकाळी बाबांना सोडायला जायचं असतं.