सोप्या धावेनंतरचे शंभर मीटर

४ जानेवारी, अकोला

भाच्याची पोलीस भरतीची तयारी चालू आहे. तो रोज सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर सहा किलोमीटर धावतो, साधारण सहा मिनिटांना एक किलोमीटर या चालीने. दम चांगला आहे. तरीही १६०० मीटरला आज ५ मिनिटे ३४ सेकंद लागली. पूर्ण वीस गुण हवे असतील तर ५:१० च्या आत यावे लागते. त्याचे चार राउंड मी वेगवेगळे टिपून घेतले: ७४, ८३, ९० आणि ८७ सेकंद.

५:१० म्हणजे चारशेचा प्रत्येक राउंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, म्हणजेच शंभर मीटर एकोणीस सेकंदांच्या थोडे वर. रोजच्या धावेत त्याला त्याच शंभर मीटरला छत्तीस सेकंद लागतात. ज्या वेगाने परीक्षा द्यायची, तो वेग त्याच्या पायांनी आठवडेच्या आठवडे पाहिलेलाच नसतो. पहिला राउंड तो ईर्ष्येने काढतो, पण त्या वेगाला जेवढी ताकद पुरेल त्याहून बरीच जास्त खर्च करून, आणि तिसऱ्या राउंडला ती वसूल होते.

दम आणखी वाढवण्याआधी हा खर्च कमी करायला हवा. सोमवार आणि गुरुवारच्या सोप्या धावेनंतर चार स्ट्राइड्स असे ठरवले.

५ जानेवारी, अकोला

आज माझ्यासमोर पहिल्या चार. सहा किलोमीटर नेहमीसारखे झाले, दोन मिनिटे चालणे, मग शंभर मीटरची सपाट पट्टी. पहिल्या तीस मीटरमध्ये वेग हळूहळू चढवायचा, मधले चाळीस तोच धरायचा, शेवटचे तीस हलकेच सोडायचे. वेळ अठरा सेकंदांच्या आसपास. परत चालतच यायचे, श्वास पूर्ण जागेवर आल्याशिवाय पुढची सुरू करायची नाही. त्याला साधारण दीड मिनिट लागते.

तो म्हणाला, “मामा, यानं दम तर लागतच नाही. मंग फायदा काय?”

दम लागत नाही म्हणूनच फायदा. सोप्या चालीत शरीर मुख्यतः संथ स्नायूतंतूंवर काम भागवते. वेगवान तंतूंना बोलावणे जात नाही. वेग वाढला की ते कामाला लागतात. पण वीस सेकंदांच्या आत थांबल्यामुळे स्नायूंत साठलेल्या तयार इंधनावर बरेचसे निभावते, पाय जड होत नाहीत आणि दुसऱ्या दिवशीची धाव बिघडत नाही. थकवा आला की चाल वाकडीतिकडी होते, आणि मग शरीर ती वाकडी चालच शिकते.

पहिल्या दोन त्याने सोळा सेकंदांत मारल्या. ही स्प्रिंट झाली. मी पावले मोजत होतो: पन्नास. म्हणजे दोन-दोन मीटरची ढांग. टाच गुडघ्याच्या बरीच पुढे पडत होती, आणि प्रत्येक वेळी जमिनीवर थप्प असा आवाज. पुढे पडलेली टाच ब्रेक लावते, आणि त्या ब्रेकची भरपाई पुढच्या पावलाने ताकद लावून करावी लागते. त्याला सांगितले, ढांग टाकू नको. पाऊल लवकर उचल, अंगाखालीच पडू दे. चौथ्या वेळेला सत्तावन्न पावले, अठरा सेकंद, आणि आवाज निम्मा. मोबाइलवर बाजूने घेतलेले चित्रण दाखवल्यावर तो स्वतःच म्हणाला, “हाव, पाय लय पुढं जात होता.”

१९ जानेवारी, अमरावती

रात्री फोन. स्ट्राइड्स आता सहा करतो. पोटऱ्या दोन दिवस दुखल्या, मग थांबल्या. दुखणे दोन्हीकडे सारखे होते, म्हणून काळजी केली नाही. एकाच पायाला, मांडीच्या मागे टोचल्यासारखे झाले असते तर त्या दिवशीच बंद करायला लावले असते.

खर्च कमी होतो म्हणजे नेमके काय, हे त्याला समजावून देण्यासाठी जुने वाचन पुन्हा काढले. १९८० मध्ये कॉन्ली आणि क्रॅहेनबूल यांनी बारा चांगल्या धावपटूंची तपासणी केली. त्यांची ऑक्सिजन घेण्याची कमाल क्षमता जवळपास सारखी होती, तरी दहा किलोमीटरच्या वेळा वेगळ्या. त्या फरकाचा सुमारे ६५ टक्के भाग एकाच गोष्टीने उलगडला: ठरावीक वेगाला कोणाला किती ऑक्सिजन लागतो. यालाच रनिंग इकॉनॉमी म्हणतात.

१९९९ मध्ये फिनलंडच्या पावोलाइनेन आणि सहकाऱ्यांनी नऊ आठवडे काही धावपटूंच्या सरावातला सुमारे एक तृतीयांश वेळ छोट्या स्प्रिंट, उड्या आणि हलक्या वजनाच्या झपाट्याच्या व्यायामांना दिला. त्यांची पाच किलोमीटरची वेळ सुमारे तीन टक्क्यांनी सुधारली. ऑक्सिजनची कमाल क्षमता मात्र वाढली नव्हती. पाऊल जमिनीवर कमी वेळ टेकू लागले होते. टाचेमागची जाड कंडरा प्रत्येक पावलाला ताणली जाते आणि ती ऊर्जा रबरासारखी परत देते. पाऊल रेंगाळले की ती वाया जाते.

पण हिशेब प्रामाणिक ठेवायला हवा. त्यांचा डोस एक तृतीयांश होता. आठवड्यातून दोनदा सहा स्ट्राइड्स हा त्याचा अंशच. तेवढ्यावर तेवढेच फळ मागू नये.

१ फेब्रुवारी, अकोला

मूर्तिजापूरमार्गे आलो. हाच तो पट्टा, जिथे जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक लेन पाच दिवसांत डांबरली गेली. भाच्याला वाटत होते, असल्या गुळगुळीत रस्त्यावर स्ट्राइड्स छान होतील. ट्रकची वर्दळ सोडली तरी नको. रस्ता कडेला उतरता असतो. सोप्या धावेत ते खपते, वेगात एक पाय सतत खालच्या बाजूला आपटतो आणि घोटा-नितंब कुरकुरतात. शेताकडेची काळी मातीही नको, ती सुकली की भेगा पडतात. मैदानाची दाबलेली सपाट माती सगळ्यांत बरी, आणि तीही आधी एकदा चालून पाहायची.

सुधारणा प्रयोगशाळेशिवाय कशी ओळखायची हा प्रश्न त्याने काढला. तोच रस्ता, तीच सहा मिनिटांची चाल, तीच वेळ, आणि मनगटावरच्या घड्याळातले ठोके. हळूहळू उतरले तर ठीक. मात्र अकोल्यात फेब्रुवारी सरता सरता उन्हाचा ताव वाढतो, आणि गरमीने ठोके आपोआप चढतात. तेव्हा ही तुलना फसवी होते. मग पावलांचा आवाज आणि शंभर मीटरची पावले हीच खात्रीची खूण.

२२ फेब्रुवारी, अकोला

पुन्हा १६०० मीटर. ७६, ८०, ८३, ८०. एकूण ५:१९.

पंधरा सेकंद उतरले, पण सगळे श्रेय स्ट्राइड्सना देता येणार नाही; या काळात तो नियमित धावलाही आहे, आणि पहिला राउंड त्याने दोन सेकंद आवरला. जे नक्की दिसले ते असे: शहात्तरच्या राउंडला या वेळी त्याचे खांदे कानाला भिडले नव्हते.

तिसरा राउंड अजून ८३ चा आहे. तो स्ट्राइड्सनी सुटणार नाही, कारण तिथे अडचण पावलाची नाही, वेग धरून ठेवण्याची आहे. मंगळवारपासून आठवड्यातून एकदा चारशेचे चार राउंड, प्रत्येकी ७८ सेकंदांत, मध्ये तीन मिनिटे चालणे. तो विचारत होता, “मंग स्ट्राइड्स बंद करू काय?” नाही. सहाऐवजी सोमवारी चार, गुरुवारी चार राहतील.

भरतीच्या शंभर मीटरला ११.५ सेकंदांत पूर्ण गुण आहेत. त्यासाठी स्टार्ट आणि खऱ्या स्प्रिंटचा वेगळा सराव लागेल. त्याचा दिवस कुठे बसवायचा ते पुढच्या रविवारी ठरवू. चारशेच्या दुसऱ्या दिवशी तरी नक्कीच नाही.