‘राहून गेलं’ ते ‘मी ढकललं’

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात काम करतो. गाड्यांना लागणारे लोखंडी ब्रॅकेट आम्ही बनवतो. गेली कित्येक वर्षं मार्च संपत आला की अप्रेझलचा फॉर्म भरतो, आणि त्याबद्दल माझं मत पक्कं होतं: वर्ष चांगलं गेलं तर सविस्तर लिहावं, वाईट गेलं तर कारणं लिहावीत. आपली चूक आपल्याच हातानं कागदावर उतरवणं हा मला शुद्ध वेडेपणा वाटायचा. गेल्या वर्षी ते मत बदललं. ते कसं बदललं, ते इथे लिहितो आहे.

आमच्या ब्रॅकेटच्या बोअरचा व्यास २०.००० ते २०.०२१ मिलिमीटरच्या आत हवा असतो. तो तपासायला प्लग गेज असतं. त्याची ‘गो’ बाजू बोअरमध्ये सहज जायला हवी आणि ‘नो-गो’ बाजू जाता कामा नये. दिवसभर शेकडो बोअरमध्ये आत-बाहेर करून ‘गो’ बाजू झिजते, म्हणजे बारीक होते. मग लहान राहिलेल्या बोअरमध्येही ती आरामात जाते आणि चुकीचा नग पास होतो. म्हणून ठरावीक मुदतीनं गेज कॅलिब्रेशनला पाठवावं लागतं. आमच्या गेजची मुदत जूनमध्ये होती. जादा गेज नव्हतं आणि ते पाठवलं तर लाइन थांबली असती. डिस्पॅचची घाई होती. मी मुदत पुढे ढकलली.

३ सप्टेंबरला ग्राहकाकडून ६ नगांची तक्रार आली: पिन बोअरमध्ये जात नाही. मी मशीनवरच्या ऑपरेटरला धारेवर धरलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “साहेब, मी प्रत्येक नग गेजनं बघतोय. एकदा गेज बघून घ्या.” मी म्हटलं, “तू आधी नग नीट बघ.” गेज मी तपासलं १३ तारखेला. ‘गो’ बाजू १९.९८८ भरली, म्हणजे १२ मायक्रॉन कमी. तोवर आणखी दोन लॉट निघून गेले होते.

वर्षाअखेर हिशेब झाला. २ लाख ४० हजार नगांपैकी ३१२ परत आले. दहा लाखांमागे जास्तीत जास्त ५० हे उद्दिष्ट होतं, माझा आकडा १३०० निघाला.

फॉर्मच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं: “कामाच्या ताणामुळे गेजचं कॅलिब्रेशन राहून गेलं. त्यामुळे काही प्रमाणात रिजेक्शन झालं. ऑपरेटरांना प्रशिक्षणाची गरज आहे.” यातलं एकही वाक्य तेव्हा मला खोटं वाटत नव्हतं. आमच्या विभागप्रमुख बाईंनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, “काय झालं ते कळलं. कुणी केलं?”

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आपली भाषा किती सोयीची आहे. राहून गेलं, होऊ शकलं नाही, लक्षात आलं नाही. या सगळ्या क्रियापदांना माणूसच लागत नाही. काम आपोआप राहतं, नुकसान आपोआप होतं. माझ्या तीन वाक्यांत एकच माणूस होता, ऑपरेटर, आणि त्याची तर चूकच नव्हती.

मी चिडून दुसरा मसुदा लिहिला आणि थेट दुसऱ्या टोकाला गेलो. “सर्व अपयशाची जबाबदारी माझी आहे. मी कमी पडलो. पुढील वर्षी अधिक मेहनत घेईन.” हे प्रामाणिक वाटत होतं. बाईंनी तेही परत दिलं. “यातून मला काय दुरुस्त करायचं ते कळत नाही,” त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. परत आलेल्या ३१२ नगांपैकी ८८ पावसाळ्यातल्या वाहतुकीत गंजले होते. पॅकिंगचा निर्णय माझा नव्हता. तेही माझ्या नावावर घेतलं असतं, तर पॅकिंग तसंच राहिलं असतं आणि पुढच्या पावसाळ्यात नग पुन्हा गंजले असते.

तिसऱ्यांदा मी नग मोजूनच बसलो. गंजलेले ८८ वेगळे केले, त्यांचं कारण आणि संबंधित विभाग लिहिला. उरले २२४. त्यातले ८४ तक्रार येण्याआधी गेलेल्या लॉटमधले. त्यांच्यापुढे लिहिलं: “जूनमधलं कॅलिब्रेशन मी पुढे ढकललं. लाइन थांबू नये हा हेतू होता. जादा गेज मागण्याचा पर्याय होता, तो मी वापरला नाही.” बाकीचे १४० तक्रारीनंतर गेलेल्या दोन लॉटमधले. त्यांच्यापुढे लिहिलं: “ऑपरेटरनं ४ सप्टेंबरला गेजबद्दल शंका सांगितली होती. मी ते १३ सप्टेंबरला तपासलं.”

हे शेवटचं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. आकडे शेजारी-शेजारी मांडेपर्यंत मी स्वतःलाही सांगत होतो की माझी चूक जूनमधली, घाईतली, कुणाच्याही हातून होण्यासारखी. कागदावर मात्र दिसलं की मोठं नुकसान सप्टेंबरमधलं आहे आणि त्याचं कारण घाई नव्हतं. माझ्या हाताखालच्या माणसाचं मी ऐकलं नाही, हे त्याचं कारण होतं.

‘काय शिकलात’ या रकान्यात पूर्वी मी ‘वेळेचं नियोजन’ असं काहीतरी लिहायचो. या वेळी तिथे फक्त बदललेल्या गोष्टी लिहिल्या. महत्त्वाच्या प्रत्येक मापासाठी दुसरं गेज मागितलं. खूप वापर असलेल्या गेजची मुदत सहा महिन्यांवरून तीनवर आणली. मुदत संपलेलं गेज लाल पेटीत जातं आणि ते बाजूला काढण्याचा अधिकार आता ऑपरेटरलाही आहे. बोअरच्या मापाची तक्रार आली की त्याच दिवशी आधी गेज तपासायचं, मग माणसाला विचारायचं. डिसेंबर ते मार्च ८० हजार नग गेले, बोअरची एकही तक्रार आली नाही. चार महिने हा पुरावा म्हणून थोडा काळ आहे, हेही तिथेच लिहिलं.

खरं लिहिल्यानं माझं रेटिंग वाचलं नाही. पाचपैकी दोन मिळाले आणि इन्क्रिमेंट नावापुरती झाली. वर्षाचा आकडा वाईट होता, त्याची किंमत द्यावीच लागली. पण जादा गेजची मागणी मंजूर झाली, कारण तिच्यामागचं कारण स्पष्ट होतं. ऑपरेटरच्या नावापुढे त्या तक्रारीनंतर लागलेली निष्काळजीपणाची नोंद काढली गेली. माझा पहिला मसुदा गेला असता, तर कंपनीनं त्याच्या प्रशिक्षणावर खर्च केला असता आणि झिजलेलं गेज त्याच्याच हातात राहिलं असतं.

तुमचंही वर्ष वाईट गेलं असेल, तर फॉर्म देण्याआधी त्यातल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि हे कुणी केलं, असं विचारा. उत्तर ‘मी’ असेल तर तिथे ‘मी’ लिहा. नसेल तर लिहू नका.