थकबाकी कोणत्या तारखेपासून मोजायची?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण ज्यांची ठेव पतसंस्थेत आहे किंवा जे कुणाला जामीन राहिलेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

काष्टीतल्या एका पतसंस्थेत वसुली समितीची बैठक दर शुक्रवारी संध्याकाळी बसते. त्या बैठकीसाठी थकीत हप्त्यांचा गोषवारा संगणकातून काढायचं काम माझ्याकडं आहे. शुक्रवार ठरवण्यामागं साधं कारण आहे. शनिवारी आपला बाजार. आसपासच्या गावांतले कर्जदार जनावरं घेऊन, नाहीतर किराणा-भाजीला काष्टीत येतातच. शुक्रवारी नावं हातात असली की शनिवारी माणूस समोर भेटतो, बोलणं होतं, आणि पुष्कळदा नोटीस काढायची वेळच येत नाही. म्हणून त्या एका कागदावर सगळं अवलंबून असतं. कागद चुकला तर चुकीच्या माणसाला फोन जातो आणि ज्याला जायला पाहिजे तो राहून जातो.

थकबाकीचा एकूण आकडा काढणं सोपं वाटतं. देय झालेले हप्ते वजा आलेला भरणा, झालं. खरी अडचण थकबाकी किती जुनी आहे हे ठरवताना येते. एक हिशोब मांडून दाखवतो. खातं काल्पनिक आहे, पण असली खाती कुठल्याही संस्थेत सापडतील. व्याज बाजूला ठेवतो आणि फक्त मुद्दल बघतो.

समजा एका सभासदानं दोन गायींसाठी 1,20,000 रुपये घेतले. 24 हप्ते, दर महिन्याच्या 5 तारखेला 5,000 रुपये, पहिला हप्ता 5 जून 2025. आपण 28 नोव्हेंबर 2025, शुक्रवारी बसलोय. जून ते नोव्हेंबर सहा हप्ते देय झाले, म्हणजे 30,000. त्यानं जूनचे 5,000 भरले, जुलैचे 5,000 भरले. पुढं ओढाताण झाली. 20 सप्टेंबरला 3,000 आणि 22 नोव्हेंबरला, शनिवारच्या बाजारात, 4,000 दिले. एकूण आले 17,000. थकबाकी 13,000. इथपर्यंत कुणाचंच दुमत नाही.

आता ही थकबाकी किती दिवसांची? काही ठिकाणी शेवटच्या पावतीपासून दिवस मोजतात. शेवटची पावती 22 नोव्हेंबरची, म्हणजे सहा दिवस. कागदावर खातं टवटवीत दिसतं. बरोबर पद्धत अशी, की आलेला प्रत्येक रुपया आधी सगळ्यात जुन्या हप्त्यात टाकायचा. 17,000 मध्ये जून, जुलै, ऑगस्ट पूर्ण फिटले आणि सप्टेंबरचे 2,000 फिटले. सप्टेंबरचे 3,000 अजून बाकी आहेत. म्हणजे थकबाकी 5 सप्टेंबरपासूनची, 84 दिवसांची. पुढच्या शुक्रवारी, 5 डिसेंबरला, ती 91 दिवसांची होईल आणि त्याच दिवशी नवा हप्ता पडून 18,000 वर जाईल.

एकाच खात्याला एक पद्धत सहा दिवस सांगते आणि दुसरी 84 दिवस. सहा दिवसांच्या खात्याकडं समितीत कुणी ढुंकूनही बघत नाही. आणि हा माणूस बुडवणारा नाही, हेही त्याच कागदात दिसतं. तो येतोय, देतोय, पण हप्त्याएवढं जमत नाही त्याला. दुधाचे पैसे घटलेत का, गाय आटली का, की दुसरीकडं कर्ज झालंय, हे आत्ता विचारलं तर मार्ग निघतो. सहा महिन्यांनी विचारलं तर कलम 101 खाली वसुली दाखल्यापर्यंत गोष्ट जाते, आणि जामीनदाराला तेव्हा पहिल्यांदा कळतं. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे त्याला नोटीस हातात पडल्यावर उमगतं.

गोषवाऱ्यात म्हणून दोन रकमा शेजारी शेजारी लागतात. एक थकबाकी, इथं 13,000. दुसरी त्या खात्याची पूर्ण येणे बाकी, 1,20,000 वजा 17,000, म्हणजे 1,03,000. हप्ते बंद पडले तर अडकणारी रक्कम ही दुसरी आहे. फक्त पहिली वाचून दाखवली की संचालकांना वाटतं, तेरा हजारच तर आहेत.

आता संगणकाची बाजू. हप्त्यांचं एक कोष्टक असतं, पावत्यांचं वेगळं. घाईत दोन्ही कोष्टकं खाते क्रमांकावर एकदम जोडली की प्रत्येक हप्त्यासमोर प्रत्येक पावती येऊन बसते. आपल्या खात्यात सहा हप्ते आणि चार पावत्या, म्हणजे 24 ओळी. देय 30,000 चे चारदा मोजून 1,20,000 होतात, जमा 17,000 चे सहादा मोजून 1,02,000. वजाबाकी 18,000. खरा आकडा 13,000 आणि हा 18,000, दोन्ही खरेच वाटतात. आकडा अगदीच वेडावाकडा आला असता तर कुणीही पकडला असता. असला आकडा पकडायला कठीण. म्हणून दोन्ही बेरजा वेगवेगळ्या करायच्या आणि मग शेजारी ठेवायच्या:

```sql
SELECT k.khate_no,
  (SELECT COALESCE(SUM(h.rakkam),0) FROM hapte h
    WHERE h.khate_no = k.khate_no
      AND h.dey_tarikh <= '2025-11-28') AS dey,
  (SELECT COALESCE(SUM(p.muddal),0) FROM pavtya p
    WHERE p.khate_no = k.khate_no
      AND p.tarikh <= '2025-11-28') AS jama
FROM karj k;
```

तारीख दोन्हीकडं तीच पाहिजे. नाहीतर हप्ते शुक्रवारपर्यंतचे आणि पावत्या सोमवारपर्यंतच्या, असं होतं. `dey` मधून `jama` वजा करून जिथं उत्तर शून्याच्या वर आहे तेवढीच खाती बेरजेला घ्यायची. काही सभासद हप्ते आगाऊ भरतात, त्यांचं उत्तर उणे येतं. ते सरसकट बेरजेत गेलं तर एकाच्या प्रामाणिकपणानं दुसऱ्याची थकबाकी झाकली जाते. कुणी 10,000 आगाऊ भरलेत आणि आपल्या गड्याचे 13,000 थकलेत, तर बेरीज 3,000 दिसते. संस्थेला येणं मात्र 13,000 च आहे.

आकडा बरोबर आला हे कशावरून समजायचं? सगळ्या खात्यांच्या येणे बाकीची बेरीज त्याच तारखेच्या तेरजेतल्या कर्ज खात्याशी जुळली पाहिजे, रुपयाला रुपया. नाही जुळली तर गोषवारा बैठकीत ठेवायचा नाही. एवढ्यानं भागत नाही म्हणून दोन-तीन खाती कर्ज खतावणीवरून हातानं मोजून बघायची, आणि त्यात तुकड्या तुकड्यानं भरणारं एखादं खातं मुद्दाम घ्यायचं. चूक बहुधा तिथंच सापडते.

पण संगणक बिनचूक असला तरी एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटते, आणि ही पोस्ट खरं म्हणजे तिच्यासाठी लिहिलीय. ती म्हणजे नवं-जुनं.

आपलंच खातं घ्या. 29 नोव्हेंबरला त्याच सभासदाला 1,20,000 चं नवीन कर्ज मंजूर केलं. त्यातून जुने 1,03,000 वळते करून घेतले आणि 17,000 त्याच्या हातात दिले. नवा पहिला हप्ता 5 जानेवारीला. पुढच्या शुक्रवारी गोषवारा काढला की हे खातं यादीतून गायब. 13,000 ची थकबाकी शून्य झाली, 84 दिवस पुसले गेले. तिजोरीत एक रुपया आला नाही, उलट 17,000 बाहेर गेले. तेरीज जुळते, किर्द जुळते, सगळं नियमात दिसतं. मार्च अखेरीला वसुलीची टक्केवारी एकदम चढते, त्यामागं पुष्कळ वेळा हेच असतं.

नवं-जुनं प्रत्येक वेळी लबाडीच असते असं मी म्हणत नाही. आपल्याकडं उत्पन्न महिन्याच्या महिन्याला येत नाही. उसाचं पेमेंट गळीत सुरू झाल्यावर. कायद्यानं ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत, पण ऊस तुटेपर्यंत काय करायचं? दर महिन्याचा हप्ता त्या माणसाला झेपणारच नसतो. अशा वेळी मुदत वाढवून देणं शहाणपणाचं. फक्त ते उघड व्हावं. खात्यावर तसा शेरा असावा आणि जुन्या थकबाकीची तारीख नव्या खात्याला चिकटलेली राहावी.

शोधायला हे अवघड नाही. एकाच सभासदाचं एक कर्ज खातं ज्या दिवशी बंद झालं, त्याच दिवशी किंवा आठवडाभरात दुसरं उघडलं का, एवढं बघायचं. अशी खाती गोषवाऱ्यात थकबाकीच्या खाली वेगळ्या रकान्यात लिहायची, रकमेसह. त्यावर काय करायचं ते समितीनं ठरवावं. ज्या बैठकीत हा रकाना वाचला जातो तिथं चर्चेचा सूरच बदलतो, कारण मंजुरीवर सही करणारे तिथंच बसलेले असतात.

याचा ठेवीदाराशी संबंध काय? नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर 2023 मध्ये रद्द केला, हे आपल्या जिल्ह्यानं पाहिलंय. ती बँक होती, म्हणून निदान पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा होता. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. पेन्शनचे पैसे, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे, रोजची पिग्मी, या सगळ्याची सुरक्षितता कर्ज परत येण्यावर आहे.

कर्जदारांची नावं जाहीर करा असं मी म्हणत नाही. अडचणीतल्या माणसाचं नाव चावडीवर नेऊन वसुली वाढत नाही. आकडे मात्र सभासदांना कळले पाहिजेत. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. त्या सभेत अहवालातली थकबाकीची टक्केवारी वाचून झाली की माईक मागा आणि तीन गोष्टी विचारा. थकबाकीचे दिवस सगळ्यात जुन्या न फिटलेल्या हप्त्यापासून मोजलेत का? थकीत खात्यांची पूर्ण येणे बाकी किती? आणि जुनं खातं बंद होऊन आठवड्याच्या आत त्याच सभासदाला नवीन कर्ज दिलं, अशी वर्षात किती खाती आणि किती रक्कम?

ज्या संस्थेत गोषवारा नीट निघतो तिथं ही तिन्ही उत्तरं कागदावर तयार असतात. जिथं उत्तराऐवजी "पुढच्या विषयाकडं वळू" असं येईल, तिथं आपली ठेव कधी मुदत संपते ते घरी जाऊन पावतीवर बघून ठेवा.