रांगेतील वीस मिनिटे

सहा डिसेंबरची पहाट होती. शिवाजी पार्कवरून चैत्यभूमीकडे सरकणाऱ्या रांगेत माझ्यापुढचा विशीतला एक तरुण एकाएकी कठड्याला धरून खाली बसला. श्वास भरभर चाललेला, हात थरथरणारे, चेहरा घामाने भिजलेला. "सर, मी मरतोय," एवढेच तो म्हणाला.

क्षणात भोवती कडे झाले. कोणी पाणी पुढे केले, कोणी पाठ चोळू लागले. मीही म्हणालो, "घाबरू नकोस, काही झालेले नाही." त्याने तो अधिकच कासावीस झाला. ज्याला मृत्यू समोर दिसतो आहे, त्याला 'काही झालेले नाही' हे वाक्य म्हणजे आपले कोणी ऐकतच नाही याची खूणच वाटते.

तेव्हा प्रथमोपचार प्रशिक्षणात शिकलेले आठवले. लोकांना चार पावले मागे सरायला सांगितले आणि त्याच्यासमोर खाली बसलो. "मी शिक्षक आहे. तुझ्याजवळ थांबतो. असे पूर्वी झाले आहे का?" त्याने मान हलवली, डॉक्टरांनी हे भीतीचे झटके असल्याचे सांगितले होते. छातीत कळ किंवा दम्याचा त्रास आहे का, हेही विचारले. नव्हता. पहिलीच वेळ असती, छातीत दुखत असते किंवा शुद्ध हरपली असती, तर मी तत्काळ १०८ ला फोन केला असता. हृदयविकार आणि भीतीचा झटका यांतला फरक बघणाऱ्याला ओळखता येत नाही.

"हात धरू का?" त्याने नकार दिला. मी धरला नाही.

आपल्या शाळेत आनापान शिकलेलो, म्हणून आधी "श्वासाकडे लक्ष दे" म्हणालो. ते फसले. त्याला भीती श्वासाचीच वाटत होती. मग म्हणालो, "दोन्ही तळवे जमिनीवर टेकव. जमीन गार लागते का? समोर काय काय दिसते, सांग." तो अडखळत म्हणाला, "निळा झेंडा... बांबू... तुमचा चष्मा..." आवाज जरा स्थिरावल्यावर मी सहापर्यंत मोजू लागलो आणि तेवढ्या वेळात श्वास हळूहळू सोडायला सांगितले. खोल श्वास घ्यायला सांगितले नाही. भरभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो; त्यानेच बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. बोटे बधिर झाल्याचे तो म्हणाला, तेव्हा हे कारण त्याला सांगितले. तो प्रथमच माझ्याकडे पाहू लागला.

अशा झटक्याची तीव्रता बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोहोचते व ओसरू लागते. वीस मिनिटांनी त्याचे हात स्थिर झाले. तो थकला होता आणि शरमलाही होता. "आता काय करावेसे वाटते?" मी विचारले. निर्णय त्याचा असायला हवा होता.

"थोडा वेळ बाहेर बसतो. पण दर्शन घ्यायचेच आहे."

आम्ही बाहेर आलो, चहा घेतला. नंतर रांगेच्या अगदी शेवटी दोघेही पुन्हा उभे राहिलो.