ओसरीवरचा हवालदार

आमच्या घराण्यात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, एक मेहुणे तर न्यायखात्यातून निवृत्त झाले आहेत. मी नुसता मॅट्रिक. शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने दोन्ही वेळा मी रिकामाच असतो. तरीसुद्धा गेली काही वर्षे या साऱ्या विद्वान मंडळींना माझा धाक आहे. तो माझ्या विद्वत्तेचा नाही आणि वयाचाही नाही. मी आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे, एवढेच त्याचे कारण.

हे पद मला कोणी दिले नाही. २०१६ साली धाकट्या बहिणीचे लग्न निघाले. गाड्या किती, मुक्कामाला कोण, मुंडावळ्या कोणी आणायच्या हे सर्वांना एकदम कळावे म्हणून मी एक ग्रुप काढला आणि त्याला 'ओसरी' असे नाव दिले. जो ग्रुप काढतो तो आपोआप ॲडमिन होतो. लग्न झाले, बहीण सासरी गेली, तिची मुलगी आता शाळेत जाते; ओसरी मात्र तशीच भरलेली आहे आणि दाराशी मी उभा आहे.

अधिकार आला की नियम येतात. मीही तीन केले. सकाळच्या शुभेच्छांची फुले टाकू नयेत, राजकारण आणू नये आणि औषधे सांगू नयेत. नियम जाहीर होऊन तास झाला नसेल, तोच पुण्याच्या पुतण्याने एक चित्र टाकले. जुन्या सिनेमातला खलनायक, हातात चाबूक, आणि खाली ओळ : 'ॲडमिनसाहेब, श्वास घेऊ का?' सगळी ओसरी हसली. मीही हसलो, ॲडमिनला हसावेच लागते.

या ॲडमिनवरच्या मीमचे मी तेव्हापासून जरा निरखून वाचन करीत आलो आहे. त्यांत दोनच ॲडमिन भेटतात. एक चाबूकवाला. तो संदेश पुसतो, माणसे काढतो, रात्री-अपरात्री हुकूम सोडतो. दुसरा बेड्यांतला. पोस्ट टाकणारा घरी पोहे खातो आहे आणि ॲडमिन गजांआड उभा आहे. प्रथम मला वाटे, ही दोन वेगळी माणसे आहेत. पुढे लक्षात आले की दुसऱ्याच्या भीतीतूनच पहिला जन्मतो.

ती भीती अगदीच पोकळ नव्हती. गोंदिया जिल्ह्यात एका ग्रुपवर कोणा सभासदाने एका बाईंविषयी घाणेरडे लिहिले. ॲडमिनने त्याला काढले नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून २०१६ साली ॲडमिनवरच खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी तो रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते. ॲडमिनला माणूस घेता येतो आणि काढता येतो. कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही आणि थांबवताही येत नाही. दोघांचा तसा आधीपासून बेत होता असे दिसले तर गोष्ट निराळी. एरवी दुसऱ्याच्या लिहिण्याचा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. आमच्या निवृत्त मेहुण्यांनी हा निकाल मला फोनवर सविस्तर समजावून सांगितला, आणि त्या रात्री मी निवांत झोपलो.

गंमत अशी की त्या निकालाच्या वेळी माझ्या हाती नसलेले हत्यार पुढल्याच वर्षी माझ्या हाती आले. २०२२ सालापासून ॲडमिनला दुसऱ्याने टाकलेला संदेशही सर्वांच्या फोनवरून पुसता येऊ लागला. पूर्वी मी फार तर 'कृपया काढून टाका' अशी विनवणी करीत असे. आता बोट दाबून धरले की काम झाले. शाळेत फळा पुसायची सवय असलेल्या माणसाच्या हाती हे डस्टर आल्यावर काय होणार! मात्र या डस्टरची एक खोड आहे. फळा कोरा होत नाही. संदेशाच्या जागी, हा ॲडमिनने पुसला अशी ओळ उमटते, आणि तीत ॲडमिनचे नावही असते. काय पुसले ते कोणाला दिसत नाही; कोणी पुसले ते सर्वांना दिसते.

२०२४ सालच्या श्रावणातली गोष्ट. दुपारच्या सुटीत फोन उघडला तर आत्याचा लांबलचक संदेश आलेला. आत्या रत्नागिरीकडे असते, वय अठ्ठ्याहत्तर. पहिल्या चार ओळींत कसल्याशा पानांचा काढा होता आणि मधुमेहाच्या गोळ्या त्याने कशा सुटतात ते होते. नियम तिसरा. ओसरीवर मधुमेहाचे पाच-सहा जण आहेत; एकाने जरी गोळ्या सोडल्या तर? मी संदेश पुसला आणि वर्गावर गेलो.

संध्याकाळी पुतण्याचे मीम आले. धोतर नेसलेला मास्तर, हातात छडी, आणि खाली : 'आजचा धडा : हाताची घडी, फोनवर बोट'. सत्तावीस जण हसले, मी मोजले. मुलांनी मागून काढलेली आपली नक्कल कोणत्याही मास्तराला ऐकू येतेच. हे मीम पुसावे असे क्षणभर मनात आले. पण ॲडमिनवरचे मीम ॲडमिनला पुसता येत नाही. पुसले की त्यातले म्हणणे खरे ठरते. आमच्याकडे गौरीच्या फेरात सासुरवाशिणी सासूवर गाणी म्हणतात, आणि सासू समोर बसून ऐकते. तिने उठून जायचे नसते. मीम हे तसलेच गाणे आहे. तोंडावर बोलायची सोय नसते तेथे ते म्हटले जाते. म्हणूनच ते केव्हा आले हे पाहावे. एरवी आले तर ती थट्टा. काही पुसल्यावर तासाभरात आले तर ती तक्रार. हे शहाणपण मला आज आहे. त्या संध्याकाळी मी फक्त हसऱ्या तोंडांची बेरीज करून ठेवली.

चौथ्या दिवशी फोनवर एक बारीक ओळ दिसली : आत्या ग्रुप सोडून गेली होती. पूर्वी कोणी गेले की सर्वांना कळे. ऑगस्ट २०२२ पासून ती वर्दी फक्त ॲडमिनलाच मिळते. गेलेल्यांची नावे सभासदांच्या यादीच्या तळाशी साठ दिवस राहतात. पण तेथवर कोण जातो? ओसरीवर नातवंडांच्या वाढदिवसांचे केक चालूच होते. एक म्हातारे माणूस उठून गेले होते आणि हे ओसरीवर मला एकट्याला माहीत होते.

मी आत्याला फोन केला.

"आत्या, रागावलीस का गं?"

"नाही रे बाबा, रागावू कशाला? तुझा नियम तुला पाळायलाच हवा. त्या दिवशी ह्यांचं वर्षश्राद्ध होतं. शेवटच्या दिवसांत हा काढा मी त्यांना करून देत असे. गुण आला नाही, पण ते आवडीनं घेत. तेच लिहिलं होतं खाली. नातीनं टाइप करून दिलं."

मला बोलवेना. लांब संदेश फोनवर अर्ध्यात मिटलेला असतो. पुढचे वाचायला 'अधिक वाचा' यावर बोट ठेवावे लागते. मी ते ठेवलेच नव्हते. आणि एक खूण तर डोळ्यांसमोर होती. इकडून तिकडे पाठवलेल्या संदेशाच्या डोक्यावर छोटा बाण असतो, फार हातांतून फिरलेला असेल तर दोन बाण. आत्याच्या संदेशावर एकही बाण नव्हता. म्हणजे तो कोठून आलेला नव्हता; तो तिचा स्वतःचा होता. वह्या तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला कॉपी आणि स्वतःचे लिहिणे यांतला फरक दिसू नये!

"मग गेलीस का?" मी विचारले.

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, तू पुसलंस त्याचं काही नाही. त्या खोडलेल्या ओळीखाली सगळी तुला हसली, तुझं चित्र काढलं. चालायचंच. पण आत्यानं काय लिहिलं होतं, असं एकानंही विचारलं नाही. म्हटलं, आता आपण तिथं नसलो तरी चालेल."

त्या सत्तावीस हसणाऱ्यांवर मला फार राग आला, आणि दुसऱ्याच क्षणी तो विरला. मीम माझ्यावर होते. त्यामुळे मीही आत्याला विसरून स्वतःचीच चिंता करीत बसलो होतो. चाबूकवाला ॲडमिन आणि त्याला हसणारी रयत, दोघांचे एकमेकांकडे फार लक्ष असते. पुसलेल्या माणसाकडे कोणीच पाहत नाही.

मी नियम मोडले नाहीत. औषधाचा तिसरा नियम आजही आहे आणि राहीलही. काढ्यापायी कोणाच्या गोळ्या सुटू नयेत. पण रीत बदलली. आता संदेश पुसण्याआधी तो शेवटपर्यंत उघडतो, बाण पाहतो, आणि बाण नसेल तर आधी फोन करतो. "हे काढतो हं, पण बाकीचे पुन्हा टाका" एवढे म्हटले की माणसाला वाईट वाटत नाही. आत्याने पुन्हा लिहिले, गोळ्यांचे वाक्य गाळून. त्याखाली मात्र ओसरी खरोखर बोलली. काकांच्या आठवणी निघाल्या. त्यांच्या छत्रीची आणि तपकिरीची गोष्ट मलाही नवी होती.

आत्याला परत आणताना मी तिलाही ॲडमिन केले. एकापेक्षा अधिक ॲडमिन ठेवता येतात, हे मला कधी सुचलेच नव्हते. नातीकडून ती सगळे शिकली आहे. गेल्या महिन्यात मी ओसरीवर शिस्तीविषयी चांगले दोन परिच्छेद लिहिले. दहा मिनिटांनी पाहतो तो त्यांच्या जागी खोडल्याची ओळ, आणि पुढे आत्याचे नाव.

मी घाईघाईने फोन केला. "आत्या, चुकून पुसलंस का गं?"

"छे रे," आत्या म्हणाली, "शेवटपर्यंत वाचूनच पुसलं."

तासाभरात पुतण्याचे मीम आले. या खेपेला खुर्चीवर नऊवारीतली आजी होती, आणि अंगठे धरून उभा होता तो धोतरवाला मास्तर. सर्वांत आधी मीच हसलो.