घर नाही म्हणताना



गेल्या महिन्यात आमचा वरचा मजला भाड्याने गेला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीकडचा जिना, एवढंच घर. सांगलीत चांगल्या वस्तीत असल्यामुळे पाटी लावल्यापासून आठ दिवसांत सहा जण बघून गेले. घर एकालाच मिळणार होतं. म्हणजे पाच जणांना 'नाही' सांगायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या ह्यांचं उत्तर ठरलेलं, "सांगायचं काय त्यात? फोन उचलू नकोस, कळेल आपोआप." पण फोन न उचलण्याचा आणि खोटं कारण सांगण्याचा, दोन्हींचा अनुभव मी घेऊन बसले आहे. त्यातला दुसरा आधी सांगते.

तीन वर्षांपूर्वी आमच्याच मंदिरात येणाऱ्या एका बाईंच्या मुलाला घर हवं होतं. आम्ही दुसऱ्या कुटुंबाला द्यायचं ठरवलं होतं. ओळखीतल्या बाईंना तोंडावर कसं सांगायचं म्हणून मी मेसेज टाकला, "सध्या नणंद राहायला येणार आहे, त्यामुळे घर देता येणार नाही." पंधरा दिवसांत वर नवे भाडेकरू आले. दशलक्षण पर्वात मंदिराच्या पायऱ्यांवर त्या भेटल्या आणि हसून विचारलं, "काय हो, नणंदबाई आल्या का?" बाकी काही बोलल्या नाहीत. मला मात्र पायरी दिसेना. घर न दिल्याचा त्यांना राग नव्हता, खोटं लिहिल्याचा होता, आणि ते लिहिलेलं त्यांच्या फोनमध्ये अजून होतं. क्षमावाणीच्या दिवशी मी त्यांची क्षमा मागितली आणि त्यांनी केलीही, पण पूर्वीचं बोलणं परत यायला वर्ष गेलं.

आपल्याकडे सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगतात. त्यातला 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटं लिहिणं. लहानपणी पाठशाळेत पाठ करताना वाटायचं की खोटे दस्तऐवज करणाऱ्यांसाठी असेल हे. व्हॉट्सअॅपवरची नणंदही त्यातच बसते, हे पायरीवर कळलं.

म्हणून या वेळी मी ठरवलं की लिहायचं ते खरंच. पण खरं लिहायचं म्हणजे सगळं लिहायचं असंही नाही. निर्णय सांगायचा, कारण सांगायचं नाही. का ते सांगते.

सहा जणांत एक पाच माणसांचं कुटुंब होतं. माणसं चांगली, पण वरची टाकी हजार लिटरची आणि नळाला पाणी दिवसाआड. मला वाटलं, हे कारण अगदी सरळ आहे, यात कोणाचा अपमान नाही. मी लिहायला घेतलं आणि मुलगी म्हणाली, "आई, ते म्हणतील आम्ही टाकी आणतो, मग?" बरोबर होतं तिचं. कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो. तोडगा निघाल्यावरही आपण नाही म्हटलं, तर आधीचं कारण खोटं होतं असं त्याला वाटतं. आपण मारे समजावून सांगायला जातो आणि वाद तिथेच सुरू होतो.

दुसऱ्याशी तुलनाही नको. "आम्हाला नोकरदार जोडपं मिळालं" असं लिहिलं की वाचणाऱ्याला 'तुम्ही तसे नाही' एवढंच ऐकू येतं. शिवाय निवडलेल्या माणसाची नोकरी, कुटुंब हे आपण तिसऱ्याला का सांगावं?

आणि आपले ते लाडके शब्द: 'बघू', 'सध्या', 'शक्यतो', 'कळवते'. आपण संकोचाने म्हणतो, समोरचा ते होकार म्हणून धरतो. "बघू हं" म्हटलेल्या एका काकांनी पूर्वी त्यांच्या जुन्या घरमालकाला महिन्याची नोटीस देऊन टाकली होती. ते चिडले तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, चूक माझीच होती.

पुढची गोष्ट वेळेची. इथे दोन गट करावे लागतात. ज्यांना घर देणार नाही हे त्याच दिवशी पक्कं असतं, त्यांना त्याच संध्याकाळी कळवायचं, म्हणजे ते दुसरीकडे बघायला मोकळे. त्या कुटुंबाला मी असं लिहिलं:

"नमस्कार. आज आपण सगळे वेळ काढून घर बघायला आलात, आभारी आहे. वरचा मजला आपल्याला देणं आम्हाला जमणार नाही. आपण अडकून राहू नये म्हणून आजच कळवते आहे. आपल्याला मनासारखं घर लवकर मिळो."

दुसरा गट म्हणजे पहिली पसंती मोडली तर ज्यांना घर देऊ असे. यांना नकार घाईने पाठवला आणि पहिल्यांनी ऐनवेळी माघार घेतली, तर कुठल्या तोंडाने बोलावणार? माझ्या यादीत अशा एक शिक्षिका होत्या, लेकीला घेऊन एकट्या राहणाऱ्या. त्यांना मी घर बघितलं त्याच दिवशी फोनवर स्पष्ट सांगितलं, "ताई, तुमच्या आधी एकांशी बोलणं चालू आहे. शनिवारपर्यंत त्यांचं नक्की होईल. तोवर तुम्ही दुसरं घर मिळालं तर जरूर घ्या, माझ्यासाठी थांबू नका."

आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवावा लागतो, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. अंगठे लागून करार नोंदला जाईपर्यंत "घर दुसऱ्यांना दिलं" हे वाक्य पुरतं खरं नसतं. करार शुक्रवारी झाला, आणि शनिवारी सकाळी शिक्षिकाबाईंना मेसेज गेला:

"नमस्कार ताई. म्हटल्याप्रमाणे कळवते आहे. वरच्या मजल्याचा करार काल दुसऱ्या कुटुंबाशी झाला, त्यामुळे आपल्याला घर देता येत नाही. आपण पाठवलेल्या आधार कार्डाचे आणि पगारपत्रकाचे फोटो मी फोनमधून काढून टाकले आहेत. आपण थांबलात आणि समजून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार."

खरं सांगायचं तर हा मेसेज लिहिताना मी बराच वेळ अडले. कारण सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "एकटी बाई नको गं." मी स्वतःला विचारलं, की मी यांना दुसऱ्या जागी ठेवलं ते बँकेतलं जोडपं आधी आलं म्हणून, की त्या एकट्या म्हणून? जोडपं दोन दिवस आधी येऊन गेलं होतं आणि त्यांना शब्द दिला होता, ही गोष्ट खरी. पण ते आले नसते तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. कारण मेसेजमध्ये लिहायचं नसलं तरी ते आपल्याला स्वतःला लाज न वाटता सांगता आलं पाहिजे. सासूबाईंशी मी त्या रात्री बोलले. पुढच्या वेळी घर रिकामं झालं की या बाईंना पहिला फोन करायचा, हे त्यांनीच मान्य केलं. मेसेजमध्ये मात्र मी ते लिहिलं नाही. पुढचा शब्द आज देऊन ठेवला तर तोही एक अडकवणाराच.

आपल्या अटींचंही असंच आहे. वरच्या घरात मांसाहार चालणार नाही, ही आमची अट मी पहिल्या फोनवरच सांगते, घर दाखवण्याआधी. ती पाळायची की नाही हे त्यांनी ठरवावं. त्यांचं आडनाव ऐकून आपणच मनात ठरवायचं आणि नंतर भलतंच कारण लिहायचं, हे नको.

आता टोकनचं. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मी नको नको म्हणत असताना दोन हजार रुपये यूपीआयने पाठवून दिले. पैसे हातात असताना 'नाही' म्हणालात, तर ते नुसतं नाही राहत नाही, 'शब्द मोडला' होतं. म्हणून मी आधी पूर्ण रक्कम ज्या नंबरवरून आली त्याच नंबरवर परत केली, आणि मगच लिहिलं, "आपले 2000 रुपये आत्ता परत पाठवले आहेत, मिळाल्याचं कृपया कळवा. घर आपल्याला देणं जमणार नाही." न्यासापहार म्हणजे ठेव बुडवणं, हाही त्याच पाच अतिचारांतला. दोन हजार असोत की दोनशे, एक रात्रही ठेवू नयेत, आणि एकाच घरासाठी दोघांकडून टोकन तर घेऊच नये.

त्या वडिलांचा उलट मेसेज आला, "कारण काय? मुलगा निर्व्यसनी आहे." मला हात शिवशिवत होते लिहायला, की तिघं मुलं रात्री जिन्यावरून ये-जा करणार, खाली सासूबाईंना झोप लागत नाही. पण लिहिलं इतकंच: "आपला मुलगा चांगलाच आहे, त्याच्याबद्दल काहीच तक्रार नाही. आमचा निर्णय झाला आहे आणि तो बदलणार नाही." त्यावर अजून एक मेसेज आला, त्याला मी उत्तर दिलं नाही. एकदा विचारल्यावर गप्प राहणं उद्धटपणा होतो, पण दुसऱ्यांदा उत्तर दिलं की तो वाद होतो. तिथे थांबायचं.

बाकी लहान गोष्टी. सगळ्यांना एकच मेसेज फॉरवर्ड करू नका, वर 'फॉरवर्डेड' दिसतं आणि माणूस दुखावतो. रात्री उशिरा पाठवू नका. वयस्कर माणसांना आधी फोन करून सांगा, मग मेसेज पाठवा, म्हणजे बोललेलं लेखीही राहतं. एजंटामार्फत आलेल्यांचा नकार एजंटालाही कळवा, नाहीतर तो आठवडाभर त्यांना आशेवर ठेवतो. आणि दहादा 'माफ करा' लिहू नका. घर न देणं हा गुन्हा नाही, फार माफी मागितली की काहीतरी लपवतो आहोत असं वाटतं.

परवा मंडईत त्या शिक्षिकाबाई भेटल्या, लेक बरोबर होती. त्यांना दुसरीकडे घर मिळालं आहे. मी भाजीच्या गाड्यापाशी उभी राहून त्यांच्याशी निवांत बोलले. नणंदेची आठवण झाली आणि बरं वाटलं.

जय जिनेंद्र.